दुकानाचा ऑटोमॅटिक मेसेज म्हणजे गिऱ्हाइकाला टाळणं?

सिंहगडरोडकर
दुकानाला व्हॉट्सॲप केलं की लगेच 'थँक यू फॉर कॉन्टॅक्टिंग अस' येतं आणि मग दिवसभर शांतता. हा गिऱ्हाइकाला टाळायचा प्रकार आहे. उत्तर द्यायचं नसेल तर पाटीवर नंबर लिहू नका. सगळ्यांनी हे ऑटो-रिप्लाय बंद करून टाकावेत.

टाकेटिपा
'बंद करून टाकावेत' वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या वहिनीचं कर्वेनगरला ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे, ती आणि दोन कारागीर बायका. कात्री हातात असताना फोन कोण बघणार? अस्तर कापताना लक्ष गेलं की कापड गेलं, आणि ते गिऱ्हाइकाचंच असतं. तेव्हा आपोआप मेसेज जाणं हा टाळायचा प्रकार नाही. पण तो जो मजकूर जातो ना, तो फालतू असतो, हे शंभर टक्के मान्य. तिच्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस ॲपनं दिलेलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं होतं, 'आम्ही लवकरात लवकर संपर्क करू' छापाचं. लवकर म्हणजे कधी? दुकान उघडं कधी? मी आता काय पाठवू? काहीच कळत नाही, मग बाई पुन्हा लिहिते 'हॅलो', मग '??', मग फोन.

आम्ही दोघींनी बसून आधी जुने चॅट वाचले, लोक पहिल्या मेसेजनंतर काय विचारतात ते. दुकान किती वाजता उघडं, शिलाई किती, आणि कधी मिळेल. कधी मिळेल याचं उत्तर ती देऊच शकत नव्हती, कारण कापड कसलं आणि कार्यक्रम कधी हे समोरच्यानं सांगितलेलंच नसायचं. म्हणून ग्रीटिंग, म्हणजे पहिल्या मेसेजला आपोआप जाणारं उत्तर, असं केलं:

> नमस्कार! दुकान मंगळवार ते रविवार उघडं असतं, सकाळी १०:३० ते १:३० आणि संध्याकाळी ५ ते ८:३०. *सोमवारी बंद.*
> ब्लाउज शिवायचा असेल तर कापडाचा फोटो, गळ्याचा नमुना आणि कोणत्या तारखेला घालायचाय ते पाठवा.
> मेसेज आम्ही दुपारी १:३० ला आणि रात्री ८:३० ला बघतो. तेव्हा शिलाई आणि तारीख कळवतो. आम्ही तारीख कळवली की काम धरलं असं समजा. मापाचा ब्लाउज घेऊन दुकानात यावं लागेल.

यातली 'मेसेज कधी बघतो' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. दुकान उघडं असतं म्हणजे फोन हातात असतो असं नाही, आणि लोक नेमकं तेच धरून चालतात. दुसरी 'तारीख कळवली की काम धरलं' ही. आधी लोक फोटो टाकून मोकळे व्हायचे आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज न्यायला यायचे.

आता अवे मेसेज, म्हणजे दुकान बंद असताना आपोआप जाणारा. ग्रीटिंग फक्त पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस काहीच बोलणं न झालेल्याला जातं. म्हणजे नेहमीच्या बायकांना ते दिसतच नाही, त्यांच्यासाठी वेळ अवे मेसेजमध्येही हवी. आणि हा मजकूर दुपारी दोनला, रात्री अकराला, रविवारी रात्री एकच जातो, त्यामुळे त्यात 'उद्या सकाळी बोलू' कधीच लिहू नये. रविवारी रात्री वाचणाऱ्याचा उद्या म्हणजे सोमवार, आणि सोमवारी कुलूप.

> आत्ता दुकान बंद आहे. वेळ: १०:३० ते १:३०, ५ ते ८:३०, सोमवारी बंद.
> शिवून झालंय का विचारायचं असेल तर पावतीचा नंबर लिहून ठेवा, दुकान उघडल्यावर बघून कळवतो.

तुळशीबागवाला
ताई, मजकूर छान आहे. पण एवढं डोकं कशाला? अवे मेसेजला `Always send` करून ठेवायचं, कोणी सुटत नाही. माझं तसंच आहे. फक्त रात्री कधीकधी जातच नाही, ॲपच बेभरवशाचं.

टाकेटिपा
दादा, `Always send` म्हणजे भर दुकानात, गल्ल्यावर बसलेला असतानाही गिऱ्हाइकाला 'दुकान बंद आहे' जाणार. ते वाचून माणूस परत फिरतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. `Outside of business hours` ठेवा. पण ते प्रोफाइलमध्ये भरलेल्या वेळांवर चालतं. तिथे वेळच भरलेली नसेल किंवा दुपारची सुट्टी टाकलेली नसेल, तर दुपारी दोनला काही जाणार नाही. आणि रात्री जात नाही म्हणता, तर झोपताना नेट बंद करता का?

तुळशीबागवाला
करतो. चार्जिंग टिकतं.

टाकेटिपा
मग तेच कारण. हा मेसेज तुमच्या फोनवरनं जातो, फोनला नेट नसेल तर जाणार कसा? रात्री घरातल्या दुसऱ्या फोनवरनं मेसेज टाकून बघा, एकच टिक दिसली तर तुमच्या फोनपर्यंत तो पोचलेलाच नाही.

सिंहगडरोडकर
एवढं सगळं सेटिंग करण्यापेक्षा एक ओळ हातानं टाईप करायला किती वेळ लागतो? आईच्या चष्म्याची दांडी तुटली होती, दुकानाला विचारलं तर 'युवर मेसेज इज इम्पॉर्टंट टु अस'. दुपारपर्यंत काही नाही. शेवटी तिला रिक्षात घालून नेलं तर शटर खाली. ती बिचारी पायरीवर बसून राहिली. तुमच्या वहिनीचं चांगलं असेल हो, पण बाकीच्यांचं काय?

ओजस_बाणेर
सिंहगडरोडकर +१. आणि खरं दुखणं दुपारी १ ते ४ हे आहे. मजकूर कितीही सुधारा, दुकान बंदच. नोकरी करणाऱ्याला लंच ब्रेकमध्येच वेळ मिळतो आणि तेव्हाच पुणं झोपतं.

तुळशीबागवाला
झोपतं? साहेब, आम्ही रात्री साडेनऊला शटर ओढतो. रविवारी तुम्ही घरी असता तेव्हा आम्ही उभे असतो. माझे वडील दुपारी घरी जेवायला जायचे, तेवढाच वेळ आम्हा भावंडांना मिळायचा. यावर विनोद ऐकून ऐकून कान किटले. तुमच्या ऑफिसला रात्री नऊला फोन केला तर कोणी उचलतं का?

ओजस_बाणेर
ऑफिस आणि दुकान एक नाही. गिऱ्हाईक तुमच्या दारात येतं. बाणेरहून पेठेत यायचं, पार्किंग शोधायचं आणि कुलूप बघायचं, हे करून बघा एकदा.

टाकेटिपा
ओजस, दुपारी वहिनीचं दुकान बंद असतं तेव्हा आत कटिंग चालतं. सलग तीन तास कोणी 'ताई, जरा बघता का' म्हणत नाही म्हणून ते होतं. तिला झोपाळू म्हणू नका, मनापासून राग येतो मला.

ओजस_बाणेर
बरं, झोपाळू मागे घेतो. पण मग दुपारी बंद हे पहिल्याच ओळीत दिसू दे. तुम्ही सोमवार ठळक केलाय आणि दुपार वाक्यात पुरून टाकलीये. मी चालता चालता वाचणार, १०:३० आणि ८:३० एवढंच डोळ्यात शिरणार.

टाकेटिपा
हे मात्र पटलं. 'दुपारी १:३० ते ५ बंद' अशी वेगळी ओळ करायला सांगते वहिनीला.

मोदकवाली_मावशी
माझा प्रश्न वेगळाच आहे. मी घरनं उकडीचे मोदक आणि पुरणपोळीच्या ऑर्डर घेते, घरचा नि धंद्याचा नंबर एकच. परवा रात्री नणंदेनं मेसेज केला की मामंजींना बरं वाटत नाहीये, आणि तिला माझ्याकडनं गेलं, 'आपल्या ऑर्डरबद्दल धन्यवाद.' ती अजून बोलत नाही माझ्याशी. हे बंद कसं करायचं?

तुळशीबागवाला
मावशी, `Everyone not in address book` करा. सेव्ह केलेल्यांना जाणारच नाही. मिटला विषय.

टाकेटिपा
अर्धाच मिटला. मावशी नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर सेव्ह करत असणार, 'कुलकर्णी पुरणपोळी' असे. त्यांनाही मग काही जाणार नाही, आणि गणपतीत तेच जास्त लिहितात. `Everyone except...` निवडा आणि त्यात घरची माणसं टाका. एकदा बसावं लागेल, पण नणंदेला परत धन्यवाद जाणार नाही. आणि मावशी, घरच्याच फोनवरनं तपासत बसू नका. वगळलेल्याला काही येत नाही, आणि ग्रीटिंग एकदा गेलं की त्याच नंबरवर रोज बोलत असाल तर परत येत नाही. लोकांना वाटतं बिघडलं. ज्या नंबरशी कधी बोलणं झालेलं नाही अशा शेजारणीला लिहायला सांगा.

मोदकवाली_मावशी
बरं बाई, करते. चतुर्थीच्या आधी ऑर्डर बंद केल्या की तेही त्यातच लिहू का? दरवर्षी आदल्या रात्री अकराला '२१ मोदक मिळतील का' येतं आणि मला नाही म्हणायला जिवावर येतं.

टाकेटिपा
लिहाच. तेवढ्या दिवसांपुरतं `Custom schedule` लावा, त्यात सुरू व्हायची आणि संपायची तारीख-वेळ देता येते. मजकुरात 'ऑर्डर बंद' एवढंच नको, परत कधीपासून घेणार ती तारीख घाला. एक लक्षात ठेवा, ते दिवस संपले की मेसेज जायचा थांबतो, तुमचं रोजचं सेटिंग पुन्हा हातानं लावावं लागेल. लक्ष्मी रोडवाल्यांनी विसर्जनासाठी हेच करावं. रस्ता बंद असतो आणि लोक 'उघडं आहे का' विचारत बसतात.

सिंहगडरोडकर
चष्मेवाल्यानं 'दुपारी बंद, ५ नंतर या' एवढं जरी लिहिलं असतं तर आई पायरीवर बसली नसती, हे मला मान्य करावं लागतंय. तरी माझं म्हणणं तेच, अडचणीत बोलायला माणूस हवा. तुमच्या मजकुरात फोन करायला नंबर कुठेय? उद्या लग्न आहे आणि ब्लाउज घट्ट झाला तर ती बाई रात्री ८:३० ची वाट बघणार का?

टाकेटिपा
नंबर तोच आहे हो, ज्यावर लिहिताय त्यावरच फोन लागतो.

सिंहगडरोडकर
मग तसं लिहा. 'फारच घाई असेल तर फोन करा.'

तुळशीबागवाला
अजिबात लिहू नका. पुण्यात प्रत्येकालाच घाई असते.

टाकेटिपा
इथे मी अडकलेय. वहिनी म्हणते फोन लिहिला की कटिंगच्या वेळेत वाजतच राहणार. मी म्हणते 'कार्यक्रम दोन दिवसांवर असेल तरच फोन करा' असं लिहून बघू. ती अजून तयार नाही.