मदत हवी आहे: चिलरच्या वॉरंटी दाव्याच्या पत्रात नोंदी कशा मांडाव्यात?

इमारतमालक
आमच्या कार्यालयीन इमारतीतला वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर सुरू झाल्यापासून आठव्या महिन्यात ‘लो सक्शन प्रेशर’चा अलार्म देऊन बंद पडला आणि त्यानंतर दर सहा-सात आठवड्यांनी, असा आजवर एकूण चार वेळा बंद पडला आहे. पुरवठादाराचा तंत्रज्ञ येतो, गॅस भरतो, रिपोर्टवर आमची सही घेतो आणि जातो. चौथा बिघाड तेराव्या महिन्यात झाला, तेव्हा मात्र त्यांनी लेखी कळवले की चिल्ड वॉटरचा प्रवाह आमच्याकडूनच कमी पडतो, म्हणून हा दोष वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी चालू केल्यापासून १२ महिने किंवा कारखान्यातून निघाल्यापासून १८ महिने, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत आहे. बीएमएसमध्ये दर १५ मिनिटांच्या नोंदी आहेत. मी मसुद्यात ‘चिलर वारंवार बंद पडून आम्हाला अतोनात त्रास झाला’ असे लिहिले आहे; पुढे काय लिहावे?

पंपवाला
पुरवठादाराचे म्हणणे अगदीच खोटे नसावे. प्रवाह घटला की सक्शन प्रेशर उतरतेच, त्यामुळे आधी स्ट्रेनर उघडून पाहा. तो तुंबलेला निघाला, तर दावा तिथेच संपला.

गच्चीवरचा
माझ्या घरच्या एसीतही दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. कंपनीने पाइप वॉरंटीत धरला नाही. तुम्ही ग्राहक मंचात जा.

जुना सर्व्हिसवाला
घरच्या एसीचा प्रश्न वेगळा आहे, तो इथे नको. पंपवाल्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, कारण प्रवाह कमी झाल्यावर सक्शन प्रेशर उतरते हे खरे. पण त्याच लोडवर इव्हॅपोरेटरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरकही वाढायला हवा. पहिल्या बिघाडाआधीच्या आठवड्यातले आणि चिलर नवा असतानाचे, साधारण सारख्या लोडचे दोन दिवस काढा आणि इथे द्या. सोबत सॅच्युरेटेड सक्शन तापमानही द्या.

इमारतमालक
नवा असताना: पाणी आत १२.२, बाहेर ७.०, सॅच्युरेटेड सक्शन ५.१ अंश. बिघाडाआधी: आत १२.३, बाहेर ७.१, सॅच्युरेटेड सक्शन ०.६ अंश. गॅस भरल्यावर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ४.९ झाले.

जुना सर्व्हिसवाला
म्हणजे पाण्यातला फरक दोन्ही दिवशी ५.२ अंशच राहिला आणि बाहेर जाणारे पाणी व गॅस यांच्यातले अंतर मात्र १.९ वरून ६.५ अंशांवर गेले. प्रवाह कमी असल्याचे हे लक्षण नाही. हे अंतर हळूहळू वाढते, गॅस भरला की एका दिवसात पूर्ववत होते आणि पुन्हा वाढू लागते. चारही खेपांचा हा करवतीच्या दातांसारखा आलेख हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. त्रासाचे वाक्य काढून टाका आणि त्या जागी हे लिहा:

‘सोबतच्या आलेखानुसार समान लोडवर पाण्यातील तापमानाचा फरक स्थिर असून, गॅस भरल्यानंतरच सक्शन पूर्ववत झाले आहे. आपल्या चारही सेवा अहवालांत गॅस भरल्याची नोंद आहे. गळती शोधून ती दुरुस्त केल्याची नोंद एकाही अहवालात नाही. तरी गळतीचा शोध घेऊन तिचे कायमचे निवारण वॉरंटीअंतर्गत करावे.’

एक सावधगिरी बाळगा. फिल्टर ड्रायर तुंबला किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडकला तरी सक्शन उतरते. पण तेव्हा कंडेन्सरमधून निघणाऱ्या द्रवाचे सबकूलिंग बहुधा चढते, तर गॅस कमी असेल तर ते घटते. ती नोंद असेल तर तीही जोडा.

पंपवाला
मुद्दा मान्य. तरी इव्हॅपोरेटरवरचा डिफरेन्शियल प्रेशरचा आलेख जोडाच. १५ मिनिटांच्या नोंदींत दोन मिनिटांची पंपाची गडबड दिसणारच नाही, हे त्यांच्या वकिलाला नक्की सुचेल.

इमारतमालक
एक अडचण आत्ताच लक्षात आली. चिलरच्या कंट्रोलरवरचे घड्याळ बीएमएसच्या ४७ मिनिटे मागे आहे, त्यामुळे अलार्मची वेळ आणि आलेखावरचा खड्डा जुळत नाहीत.

जुना सर्व्हिसवाला
तो फरक पत्रात स्वतःहून लिहा आणि दोन्ही पडदे एकत्र दिसतील असे छायाचित्र जोडा. त्यांनी शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितले तर पुराव्याला बाधा येत नाही. घड्याळ मात्र आत्ता दुरुस्त करू नका. कंट्रोलरवर जुने अलार्म नव्यांमुळे पुसले जातात, म्हणून ती यादी आजच उतरवून घ्या. दावा चौथ्या बिघाडावर न बेतता पहिल्या लेखी तक्रारीच्या तारखेवर बेता, म्हणजे तेरावा महिना हा त्याच न मिटलेल्या दोषाचा पुढचा भाग ठरतो. चिलर कारखान्यातून कधी निघाला होता?

इमारतमालक
ती तारीख शोधावी लागेल. इमारत अपुरी असल्यामुळे यंत्र बरेच महिने पॅकिंगमध्येच पडून होते.

जुना सर्व्हिसवाला
मग आधी डिस्पॅचचे चलन शोधा. ते ११ महिन्यांहून अधिक पडून राहिले असेल, तर पहिली तक्रारसुद्धा १८ महिन्यांच्या बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, आणि त्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही.