मदत हवी आहे: खड्ड्यांच्या जनहित याचिकेतले निर्देश तक्त्यात कसे मांडावेत?

मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2025 च्या आदेशातून आमच्या प्रभागासाठी कृती-यादी करतेय. रकाने असे: परिच्छेद क्रमांक, मूळ वाक्य, कोणी करायचं, मुदत, पुरावा.

अडलंय मुदतीपाशी. खड्डा निदर्शनास आल्यापासून 48 तासांत बुजवायचा. भरपाई दाव्यापासून 6 ते 8 आठवड्यांत द्यायची. म्हणजे ठरलेली तारीख नाहीच, घड्याळ प्रत्येक तक्रारीगणिक नव्याने सुरू होतं. मी आदेशाच्या तारखेपासून मोजत बसले होते, ते चुकलंच. आता ‘मुदत कशापासून’ असा वेगळा रकाना केलाय. तिथे तक्रारीच्या पोचपावतीची वेळ धरावी का?

शिवाय आदेशात ‘संबंधित प्राधिकरण’ असेल, तिथे कार्यकारी अभियंत्याचं पदनाम आपणहून लिहावं, की आधी माहिती अधिकारात विचारावं? कुणी अशी यादी केली असेल तर कृपया सांगा.