मदत हवी आहे: जेवणाऐवजी शेक घेते आहे, डब्यावरचं लेबल कसं वाचायचं?

ओसरी
वय ४१, उंची ५ फूट १ इंच, वजन ७८ होतं, महिन्याभरात ७४ झालं. आमच्या सोसायटीत एक ताई 'वेलनेस कोच' आहेत, त्यांच्याकडून व्हॅनिला शेकचा डबा घेतला. सकाळी एक, रात्री एक, आणि दुपारी नेहमीचा डबा: दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण. वजन उतरतंय म्हणून खूश होते, पण आता जिना चढताना पाय गळून जातात आणि पोट साफ होत नाही. कोच म्हणतात, हे डिटॉक्स आहे, आठवडाभरात थांबेल.

डब्याच्या पुढे मोठ्या अक्षरात '१६ ग्रॅम प्रोटीन' आणि शेजारी एक फुली. मागचे आकडे देते. १०० ग्रॅमला ऊर्जा ३६० किलोकॅलरी, प्रोटीन ३४, कर्बोदके ४०, एकूण साखर ८, फॅट ७. एका वेळचं माप २५ ग्रॅम. शेजारी 'दुधासह' असा अजून एक रकाना आहे, त्यात साखर १४ ग्रॅम. हे जास्त आहे का? आणि प्रोटीन पुरेसं आहे का?

पैलवान_अण्णा
साखर १४ ग्रॅम म्हणजे जवळजवळ तीन चमचे! डबा परत करा. प्रोटीनचं म्हणाल तर १६ गुणिले २ म्हणजे ३२, वरून वरण-पोळी. तुमचं भागलं. अशक्तपणा प्रोटीनमुळे नाही, झोप बघा. साखर शून्य लिहिलेला डबा घ्या, मग डोळे मिटून प्या.

मापटं
अण्णा, ते १४ ग्रॅम भुकटीतले नाहीत. १०० ग्रॅमला साखर ८, म्हणजे २५ ग्रॅमच्या मापात २. उरलेली १२ ही पाव लिटर दुधाची स्वतःची, लॅक्टोज. लेबलवर ती 'एकूण साखर' मध्ये मोजली जाते, 'वरून घातलेली साखर' मध्ये नाही. ही दुसरी ओळ वेगळी असते, ती बघायची.

ओसरीताई, त्या फुलीची टीप डब्यावर कुठेतरी बारीक अक्षरात सापडेल. माझा अंदाज: '२५० मिली टोन्ड दुधात मिसळल्यावर'. तुम्ही शेक कशात करता?

ओसरी
टीप सापडली, अगदी तेच लिहिलंय. पण मी पाण्यात करते. कोच म्हणाल्या दुधाने वजन वाढतं.

मापटं
मग सगळं गणितच बदलतं. पाण्यातल्या शेकमध्ये प्रोटीन साडेआठ ग्रॅम आणि ऊर्जा ९० किलोकॅलरी. पुढे छापलेलं १६ हे अर्धं भुकटीचं आणि अर्धं तुमच्या गवळ्याचं आहे.

जेवणाची जागा घेणाऱ्या अशा पदार्थांसाठी कोडेक्सचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात एका वेळेला २०० ते ४०० किलोकॅलरी आणि त्यातला किमान चौथा हिस्सा प्रोटीनमधून, अशी अपेक्षा आहे. तुमचा शेक दुधात केला तर सुमारे २३५ होतात, म्हणजे तळाशी का होईना, बसतो. पाण्यात केला तर ते जेवण नाहीच, दोन बिस्किटांच्या आसपासची ऊर्जा आहे.

आता पूर्ण दिवस मांडू. दोन शेक मिळून १८० किलोकॅलरी आणि १७ ग्रॅम प्रोटीन. दुपारचा डबा ढोबळमानाने ४५० ते ५०० आणि १४ ग्रॅम. एकूण साडेसहाशेच्या वर थोडं, आणि प्रोटीन ३१. आयसीएमआरचं प्रमाण किलोला ०.८३ ग्रॅम. तुमचं आजचं वजन न धरता उंचीला शोभेलसं ५५ किलो धरलं तरी ४५ च्या पुढे जातं. पाय गळतात ते बहुधा यामुळे, डिटॉक्समुळे नव्हे. वजन उतरलं त्यात सुरुवातीचं बरंच पाणी असतं, आणि प्रोटीन इतकं कमी असलं की स्नायूही जातात. केसांवरचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो, म्हणून आत्ता काही जाणवत नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

गवती_चहा
माझ्या सासूबाईंना ऑपरेशननंतर डॉक्टरांनी अशीच पावडर दिली होती, तीन महिन्यांत दोन किलो वाढल्या. तीच का ही? मग वजन कमी कसं होईल?

मापटं
ती वेगळी, गवतीताई. अंगात ताकद भरायला दिलेली, त्यात ऊर्जा मुद्दाम जास्त असते. चित्रं सारखी असतात, मागचा तक्ता सारखा नसतो.

निळी_पिशवी
मला मधुमेह आहे. माझ्या डब्यावर 'वरून साखर नाही' असं ठळक लिहिलंय, साखर १०० ग्रॅमला फक्त ३. तरी शेकनंतर दीड तासाने मोजली तर साखर चांगलीच वर. मीटर खराब असेल?

मापटं
घटकांची यादी वाचा. वजनाने जो घटक जास्त तो आधी, या क्रमाने ती लिहितात. दुसऱ्या-तिसऱ्या जागी माल्टोडेक्स्ट्रिन आहे का?

निळी_पिशवी
दुसऱ्याच जागी. कर्बोदके ५८.

मापटं
मीटर ठीक असावा. माल्टोडेक्स्ट्रिन स्टार्चपासून करतात, नियमाने ते 'साखर' या ओळीत येत नाही, पण पोटात गेलं की भराभर ग्लुकोज होतं. म्हणून साखरेच्या ओळीआधी कर्बोदकांची ओळ बघायची, आणि अण्णा, 'शून्य साखर' वाचून डोळे मिटू नयेत ते याचसाठी.

दुसरं, तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर जेवण काढून शेक घेणं डॉक्टरांना न विचारता अजिबात नको. साखर धाडकन खाली जाऊ शकते.

पैलवान_अण्णा
माल्टोडेक्स्ट्रिन मान्य. पण ब्रिटनमध्ये नुसत्या शेकवर लोकांचा मधुमेह गेला ना? मग शेक वाईट कसा?

मापटं
वाईट म्हटलंच नाही. ती डायरेक्ट नावाची चाचणी, २०१७ मध्ये निकाल आला. दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे किलोकॅलरी, तीन ते पाच महिने, आणि वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात. पण त्यांच्या गोळ्या पहिल्या दिवशीच डॉक्टरांनी बंद केल्या, सतत तपासणी होती, आणि नंतर कित्येक आठवडे हळूहळू जेवण परत आणलं गेलं. ओसरीताई त्याहूनही कमी खातात, आणि देखरेखीला सोसायटीतल्या ताई.

ओसरी
वाचून पोटात गोळा आला. रात्रीचा शेक बंद करून काय खाऊ? आणि सकाळी साडेसहाला थायरॉइडची गोळी, सात वाजता शेक, हे चालेल ना?

मापटं
गोळीचं आधी. अशा भुकटीत कॅल्शियम, लोह आणि बऱ्याचदा सोया असतं, आणि या तिन्हींनी थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोहासाठी चार तासांचं अंतर सांगतात. तेव्हा सकाळचा शेक काढा, ठेवायचाच तर संध्याकाळी दुधात घ्या. महिनाभर असंच चाललं असेल तर टीएसएच तपासून घ्या. थकवा आणि बद्धकोष्ठ तिकडूनही येऊ शकतं, ते मला इथे बसून सांगता येणार नाही.

रात्री एक ज्वारीची भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ एक चमचा तेलात, आणि वाटीभर दही. प्रोटीन साधारण १७, म्हणजे डब्यावरच्या १६ एवढंच. ऊर्जा मात्र चारशेच्या आसपास, दुधातल्या शेकपेक्षा पावणेदोनशे जास्त. शेकचा खरा फायदा तेवढाच: हात आखडता राहतो. भाकरी-उसळीत चोथा दहा ग्रॅमच्या आसपास सहज जातो, तुमच्या डब्यात चोथ्याची ओळ आहे का बघा. आणि चावून खाल्लं की पोट भरल्याचं कळतं, प्यायलेलं दोन मिनिटांत संपतं.

गवती_चहा
पण संध्याकाळी ऑफिसातून येताना वडापाव खाण्यापेक्षा दुधातला एक शेक बरा की नाही?

मापटं
त्या तुलनेत बरा. किती महिने, यावर आमच्याच धंद्यात एकमत नाही. मी आठ-दहा आठवड्यांपुढे देत नाही, काही जण वर्षभर एक वेळ चालू ठेवतात.

ओसरी
चोथ्याची ओळ सापडली. एका मापाला १ ग्रॅम. टीएसएचला उद्या सकाळी जाते. अर्धा डबा उरलाय, तो कोचताई परत घेत नाहीयेत. पोळीच्या कणकेत मिसळला तर चालेल का?