लसणाचे अख्खे गड्डे ओव्हनमध्ये: बाहेर कोळसा, आत चामडं. तापमान किती, वेळ किती? (आजच हवंय)

रेवती_मनीषनगर · सकाळी ९.४०

मदत हवी आहे, आणि जरा लवकर. लसणाचे अख्खे गड्डे ओव्हनमध्ये भाजायचे आहेत, पिळले की लोण्यासारखे बाहेर यावेत असे मऊ आणि गोड. काल रात्री २०० ला ४५ मिनिटं ठेवले. बाहेरच्या पाकळ्या काळ्या आणि कडू, आतल्या चिवट. घरभर वास सुटला तेवढाच फायदा. कुणी १८० लिहितं, कुणी २२०, कुणी अर्धा तास, कुणी एक तास. मला एकच आकडा सांगा. रात्री आठला पाहुणे आहेत, पावाला लावायला हा लसूण हवाय. सोबत सांबारात घालतात ते छोटे कांदेही अख्खेच भाजायचेत, त्यांचाही वेळ सांगा.

आजीचा_तवा · ९.५२

लसूण सोलायचा कंटाळा येत असेल तर पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका, सालं आपोआप सुटतात.

रेवती_मनीषनगर · ९.५५

काकू, सोलायचा नाहीये. सालासकटच भाजायचाय.

बेकरीतला_माणूस · १०.०३

ओव्हन कोणता? गड्डा केवढा? फॉइलमध्ये होता की उघडा? हे कळल्याशिवाय आकडा सांगून उपयोग नाही.

रेवती_मनीषनगर · १०.०८

ओव्हन म्हणजे ओव्हन. गड्डा गड्ड्याएवढा. रेसिपीत लिहिलं होतं तसंच केलं.

वऱ्हाडी_ठसका · १०.१५

अवो ताई, काहून ओव्हन जाळून राहिल्या? माह्या घरी रोडगे झाले की गोवऱ्यांचा इस्तव विझत येते, मंग त्या गरम राखेत लसणाचे गड्डे दाबून ठेवतो. पंगत उठेपर्यंत असे मऊ होतेत का बोटानं दाबला की बाहेर! ना तापमान, ना घड्याळ.

बेकरीतला_माणूस · १०.२१

ठसका भाऊ, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये गोवऱ्या कुठे पेटवणार त्या? पण गंमत पाहा, तुमच्या राखेचंच काम ओव्हनमध्ये फॉइल करतं. राख गड्ड्याला चहूकडून झाकते, पाण्याची वाफ आत राहते. रेवती ताई, म्हणूनच विचारतोय, झाकला होता का?

रेवती_मनीषनगर · १०.३०

बरं. ओटीजी आहे, १६ लिटरचा. दोन्ही रॉड चालू होते. वरचं टोक कापलं, तेल लावलं, फॉइलच्या वाटीत ठेवले, पण वरून उघडे, कारण रंग यायला हवा होता. रॅक वरच्या खाचेत. लसूण कॉटन मार्केटचा, गावरान, छोटे गड्डे. सहा होते.

बेकरीतला_माणूस · १०.४८

आता कळलं. तुमचा आकडा फार चुकला नव्हता, जागा आणि झाकण चुकलं.

रेसिपी जिथून घेतली तिथला गड्डा साठ-सत्तर ग्रॅमचा, पाकळ्या अंगठ्याएवढ्या. आपला गावरान गड्डा पंचवीस-तीस ग्रॅमचा, पाकळी करंगळीच्या नखाएवढी. तिच्यात पाणीच कमी. उघडी ठेवली की मऊ व्हायच्या आधीच सुकते आणि मग चामडं होतं. शिवाय १६ लिटरच्या ओटीजीत वरच्या खाचेतला गड्डा रॉडपासून चार बोटांवर येतो. आतली हवा २०० असली तरी लाल रॉडची थेट धग त्याहून फार जास्त.

लसूण गोड होतो तो पाणी आणि उष्णता मिळून. त्यातली साखर लांबलचक साखळ्यांत अडकलेली असते, ओलसर उष्णतेत त्या तुटतात. तिखटपणा तर कच्चा लसूण चिरला-ठेचला की तयार होतो. अख्खा गड्डा तापवला की तो तयार करणारा घटकच मरतो, म्हणून भाजलेला लसूण झोंबत नाही. तेव्हा आधी झाकून मऊ करा, रंग शेवटी उघडून आणा. दोन्ही कामं एकदम करायला गेलात म्हणून काल कोळसा झाला.

तेलाची_धार · १०.५५

ऑलिव्ह ऑईल वापरलं असेल. ते २०० ला जळून विषारी होतं, कडूपणा त्याचाच.

बेकरीतला_माणूस · ११.०२

चांगलं निघणारं ऑलिव्ह तेल २०० च्या आसपास धूर सोडायला लागतं, एवढं खरं. पण फॉइलच्या आत पाणी आहे तोवर लसूण शंभराच्या फार पुढे जात नाही, तेल तिथे कुठून जळणार? कडू झाली ती पाकळीच. काळी पाकळी कडूच लागते, तेल कोणतंही घाला. शेंगदाण्याचं घालायचं तर घाला, बिघडत नाही.

मायक्रो_मास्टर · ११.१०

इतका घोळ कशाला? मायक्रोवेव्हमध्ये वाटीत चमचाभर पाणी, वर झाकण, दोन-तीन मिनिटं. मऊ!

सोनेगावकर_शुभदा · ११.१६

मऊ होतो हो, गोड होत नाही. मी केलंय, उकडल्यासारखा लागतो. आणि नवख्यांनी फॉइलसकट मायक्रोवेव्हमध्ये टाकू नये, ठिणग्या उडतात.

मायक्रो_मास्टर · ११.२०

फॉइल टाका असं मी कुठे म्हटलं?

रेवती_मनीषनगर · ११.३४

भांडण नंतर करा हो. बेकरीवाले दादा, मग आता करू काय? उरलेले गड्डे सात आहेत, परत बाजारात जायला वेळ नाही.

बेकरीतला_माणूस · ११.५१

आधी ओव्हन खरं बोलतो का ते बघा. दोन्ही रॉड चालू, रॅक मधल्या खाचेत, बटण १७५ वर, वीस मिनिटं तापू द्या. फॉइलच्या छोट्या वाटीत अर्धा चमचा साखर पंधरा मिनिटं ठेवा. साखर साधारण १८६ अंशाला वितळते. वितळली तर तुमचा ओव्हन दाखवतो त्यापेक्षा गरम आहे. कोरडी राहिली तर बटण १९० ला नेऊन परत पंधरा मिनिटं, तेव्हा वितळायला हवी.

केमिस्ट्रीचा_पेपर · ११.५९

हे तंतोतंत नसतं हां. साखर बराच वेळ तापवली तर खालच्या तापमानालाही पिवळी पडून ओघळते.

बेकरीतला_माणूस · १२.०६

मान्य, म्हणून तर पंधराच मिनिटं. थर्मामीटर असेल तर साखरेची गरजच नाही. त्यांच्याकडे आहे का?

रेवती_मनीषनगर · १२.०७

नाही.

सोनेगावकर_शुभदा · १२.१५

माझं मत वेगळं. मी १५० ला दीड तास ठेवते, घट्ट बंद फॉइलमध्ये. जळायची भीतीच नाही, चवही जास्त गोड येते.

बेकरीतला_माणूस · १२.२२

मोठ्या गड्ड्याला चालेल. गावरान पाकळीला दीड तास म्हणजे फॉइलला एक भोक असलं तरी सुकली. तुमची पाकळी केवढी असते?

सोनेगावकर_शुभदा · १२.२५

मॉलमधला, मोठा.

रेवती_मनीषनगर · दुपारी १.१८

साखर १७५ लाच वितळली. कडेने तर तांबूससुद्धा झाली.

बेकरीतला_माणूस · १.३०

म्हणजे काल तुमचे २०० हे २०० च्या बरेच वर होते, त्यात वरची खाच. आता असं करा. बटण १७० वर, रॅक मधल्या खाचेच्या एक खाली. गड्ड्याचं टोक पाव इंच कापा, सगळ्या पाकळ्यांची तोंडं दिसायला हवीत. अर्धा चमचा तेल, चिमूट मीठ, आणि दर दोन गड्ड्यांमागे चमचाभर पाणी फॉइलच्या तळाशी. दुहेरी फॉइल, कडा दुमडून गच्च. तीस मिनिटांनी एक पुडी उघडून मधल्या पाकळीत टूथपिक घाला. लोण्यात गेल्यासारखी गेली तर झालं. अडली तर बंद करून आणखी सात-आठ मिनिटं. मऊ झाल्यावरच पुडी उघडा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. पाकळीचा रंग गुळाच्या चहासारखा झाला की लगेच बाहेर काढा. त्यापुढे कडू.

कांदे वेगळ्या पुडीत, सालासकट, बुडखा न कापता. त्यांना जास्त वेळ लागेल.

तेलाची_धार · १.४४

उरला तर तेलात बुडवून बरणीत भरा, महिनाभर ओट्यावर टिकतो. आमची आई लसणाचं लोणचं असंच ठेवायची.

बेकरीतला_माणूस · १.५०

कृपा करून हे करू नका. लोणच्यात मीठ असतं, लिंबू-व्हिनेगरचा आंबटपणा असतो, म्हणून ते टिकतं. नुसत्या तेलाखालच्या लसणात हवा नाही, आंबटपणा नाही. बोट्युलिझमचा जंतू वाढायला त्याला हेच हवं असतं, आणि ना वास येतो ना चव बदलते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर बोलायलाच नको. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, नाहीतर चमच्या-चमच्याने फ्रीजरमध्ये.

तेलाची_धार · १.५८

आम्हाला आजवर काही झालं नाही.

वऱ्हाडी_ठसका · २.०५

बाप्पा, आमच्या राखेतला लसूण उरतच नाही, ठेवाचा प्रश्नच कुठी? सावजी रश्श्यात तो ठेचून घाला, मंग मले आठवजा.

रेवती_मनीषनगर · रात्री ११.२०

पाहुणे गेले. आठ वाजता काय ते धावपळ विचारू नका.

पाच गड्डे ठेवले. तीस मिनिटांनी टूथपिक मध्ये अडली, सदतीसला लोण्यासारखी गेली. मग दहा मिनिटं उघडे, रंग अगदी सांगितला तसा. हाताने पिळले तर पाकळ्या सालातून सटकन निघाल्या, फक्त सगळ्यात बाहेरच्या दोन-चार थोड्या कोरड्या होत्या. मावसभावाने अर्धा पाव एकट्याने संपवला आणि विचारलं, यात साखर घातलीस का.

दोन कच्चे गड्डे शिल्लक आहेत, उद्या एक टोक न कापता ठेवून बघणार आहे.

कांदे मात्र फसले. पंचेचाळीस मिनिटं ठेवूनही बाहेरचे दोन थर मऊ, आत करकरीत. तसेच सुपात ढकलले. त्यांना नक्की किती वेळ?

बेकरीतला_माणूस · ११.३१

कांदे केवढे होते?

रेवती_मनीषनगर · ११.३३

कांद्याएवढे.