मदत हवी आहे : प्लेट खाली येताना निसटते, फ्लो कंट्रोल आत जाणाऱ्या तेलावर असावा की बाहेर पडणाऱ्या?

फिटर_भोसरी : आमच्या उभ्या प्रेसमध्ये रॉड खाली असून त्याला 1200 किलोची प्लेट टांगलेली आहे. बोअर 63 मिमी, रॉड 45 मिमी आणि रिलीफ व्हॉल्व 100 बारला लावलेला आहे. उतरण्याचा वेग कमी व्हावा म्हणून मी सिलिंडरच्या वरच्या पोर्टमध्ये जाणाऱ्या तेलावर फ्लो कंट्रोल बसवला. तरीही प्लेट एकदम खाली येते, जॉबवर टेकल्यावर काही क्षण थांबते आणि त्यानंतरच दाब चढू लागतो. व्हॉल्व जवळजवळ बंद करूनही फरक पडला नाही.

दाबमापक : तोच व्हॉल्व रॉडच्या बाजूला, बाहेर पडणाऱ्या तेलावर बसवा. ओढणारे वजन असेल तेथे बाहेरचेच तेल अडवावे, याहून अधिक काही करावे लागत नाही.

शिवारकर : माझी ट्रॉली भरलेली असताना भरकन उतरते आणि रिकामी असताना सावकाश. हाच दोष असेल का?

जुना_पॉवरपॅक : शिवारकर, आपला प्रश्न वेगळा आहे. आपल्या जॅकमधून तेल फक्त बाहेर पडते आणि साध्या व्हॉल्वमधून जाणारा प्रवाह दाबाबरोबर वाढतो. तेथे दाब-भरपाई असलेला फ्लो कंट्रोल लागेल.

फिटरसाहेब, आपली प्लेट पंपाच्या तेलाची वाट पाहत नाही. खालचे तेल टाकीकडे मोकळे जात असल्यामुळे पिस्टन पुढे निघून जातो आणि वर पोकळी पडते. तेथे पूर्ण निर्वात झाले, तरी ते सुमारे 31 किलोच तोलून धरेल. टेकल्यानंतरची थांबण्याची वेळ म्हणजे ती पोकळी भरण्याची वेळ आहे.

दाबमापकांचा उपाय प्लेट आवरेल, परंतु रॉडच्या बाजूचे क्षेत्रफळ जवळपास निम्मे आहे, हे त्यांनी धरलेले नाही. नुसत्या वजनामुळे तेथे 77 बार असतात. अडवलेल्या तेलामुळे पंप वर पूर्ण 100 बार चढवेल, त्याचे खाली सुमारे 204 बार होतील आणि एकूण बेरीज 280 बारच्या आसपास जाईल. आपला होज आणि सील किती बारचे आहेत, हे पाहिल्याशिवाय तो बदल करू नका. पंपाकडचा गेज हा दाब दाखवणार नाही.

मी फ्लो कंट्रोल आहे तेथेच ठेवीन आणि रॉडच्या पोर्टवर, थेट सिलिंडरला लागून, काउंटरबॅलन्स व्हॉल्व बसवीन. त्याची सेटिंग वजनाच्या दाबाच्या सुमारे 1.3 पट, म्हणजे 100 बार ठेवावी. तो सिलिंडरलाच असल्यामुळे होज फुटला तरी प्लेट जागेवर थांबते.

फिटर_भोसरी : होज 210 बारचा आहे, त्यामुळे तो बदल मी करत नाही. मात्र शेजारच्या मशीनवर असाच काउंटरबॅलन्स आहे आणि तेथे प्लेट थरथरत उतरते.

जुना_पॉवरपॅक : त्याचा पायलट रेशो पाहून कळवा. तो जास्त असेल, तर व्हॉल्व जरा उघडताच वरचा दाब पडतो, तो पुन्हा मिटतो आणि हेच चालू राहते. कमी रेशोने थरथर बहुधा थांबते. परंतु पाइप लांब असेल, तर त्याचाही वाटा असू शकतो आणि ते मशीन न पाहता मला खात्रीने सांगता येणार नाही. तोपर्यंत प्लेटखाली ठोकळे लावल्याशिवाय कोणाचाही हात आत जाऊ देऊ नका.