प्रतिसाद: फारसी मेसेजमधला शेवटचा ‘हे’

‘گوشیه داداشم دستمه यात दोनदा ه आलाय. दोन्हीकडे इज घ्यायचं का? इंग्रजी वाक्य जुळत नाहीये.’

नाही, फक्त दुसऱ्याला. उच्चार आहे ‘गूशिये दादाशम दस्तमे’. ‘दस्तमे’ म्हणजे ‘दस्तम अस्त’, हातात आहे. आपण ‘घरी आहे’चं ‘घरीये’ करतो तसंच. पहिला ه मात्र ‘चा-ची-चे’ दाखवणारा ‘ए’ आहे, इजाफे. पुस्तकी लेखनात तो बहुधा लिहीतच नाहीत किंवा खाली कसरा, म्हणजे ‘ए’ची छोटी खूण, देतात. मेसेजमध्ये ऐकू येतो तसा ه टाकतात. इराणी लोक या चुकीला ‘हेकसरे’ म्हणतात. म्हणून इंग्रजीत: माय ब्रदर्स फोन इज विथ मी. दस्त आहे म्हणून ‘इन माय हँड’ करू नका; फोन माझ्याकडे आहे, इतकंच.

शंका आली की ه काढून ‘अस्त’ ठेवून बघा. ‘गूशी अस्त दादाशम’ इथे जमत नाही, ‘दस्तम अस्त’ जमतं.

ही कसोटी एका ठिकाणी फसते. کتابه خوبه यात पहिला ه इजाफे नसून ‘ते ठरावीक पुस्तक’ दाखवतो: द बुक इज गुड. पण کتابه خوبیه असेल तर तिथे पुन्हा इजाफेच, इट्स अ गुड बुक. म्हणून पुढचा शब्द शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पहिल्या ه चा अर्थ लावू नका.