ए-६०३ आणि बी-२०१ मधल्या नव्या मंडळींचं स्वागत

सेक्रेटरी (सी-१०४): नमस्कार. ए-६०३ आणि बी-२०१ मधल्या नव्या मंडळींचं स्वागत. हा ग्रुप पाणी, लिफ्ट, वीज, हरवलं-सापडलं एवढ्यासाठी आहे. गुड मॉर्निंग, फॉरवर्ड, राजकारण, जाहिरात नको. इथली तक्रार दफ्तरी धरली जात नाही. अर्ज दोन प्रतींत ऑफिसात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. सभेची तारीख इथे टाकली तर ती नुसती आठवण. वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी वेगळी मिळेल.

शिंदे (बी-३०२): मग जुलैत मी टाकलेल्या बाथरूमच्या गळतीच्या फोटोंचं काय?

पेडणेकर काकू (ए-१०१): स्वागत! 🙏 उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेतेय, आज रात्रीपर्यंत सांगा.

जोशी (सी-३०१): काकू, जाहिरात नको म्हणून चार मिनिटं झालीत 😄

पेडणेकर काकू: ही जाहिरात नाही, सूचना आहे.

सेक्रेटरी: शिंदेसाहेब, फोटो सगळ्यांनी पाहिले. पण कमिटीनं वरच्यांना पत्र द्यायचं तर तुमचा तारखेचा अर्ज लागतो. उद्या निबंधकांकडे गेलात तर "फोटोला बावीस अंगठे आले होते" हे तिथे चालणार नाही.

कदम (बी-४०२): वरचे म्हणजे मी. नाव घ्या की सरळ. संडास-सिंकची गळती सभासदानं स्वतःच्या खर्चानं काढायची, हे उपविधीत आहे, मला मान्य आहे. पण मी दोन दिवस नळ बंद ठेवून बादलीनंसुद्धा पाणी ओतलं नाही, तरी यांची ओल वाढतीच. मग पाणी बाहेरच्या ड्रेनेज पाइपचं नाही कशावरून? तो पाइप सोसायटीचा.

शिंदे: जुलैतल्या फोटोंचं काय?

बी-२०१ (नवीन): नमस्कार. आम्ही भाड्यानं आहोत. आम्ही अर्ज देऊ शकतो का?

सेक्रेटरी: घरमालकांच्या सहीनं द्या. सभासद ते आहेत, सभेत मतही त्यांचंच.

बी-२०१ (नवीन): आणि पैसे मात्र आमचे. भाडेकरू ठेवल्याचा जादा आकार म्हणून मालक दरमहा पाचशे मागतायत.

जोशी: तो बिनभोगवटा आकार. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. आपल्याकडे सेवाशुल्क २,२०० आहे, म्हणजे झाले २२०. तेही सोसायटी मालकाकडून घेते. उरलेल्या २८० चं त्यांनाच विचारा.

सेक्रेटरी: जोशी, मालकही याच ग्रुपवर आहेत. इथे भलतंसलतं लिहिलं गेलं तर अ‍ॅडमिन म्हणून मी आत जायचो.

जोशी: नाही जायचात. सभासदानं काही टाकलं आणि त्यात अ‍ॅडमिनचं संगनमत नसेल, तर अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय.

सेक्रेटरी: मग व्हा तुम्ही अ‍ॅडमिन. आत्ता करतो.

जोशी: 🙏

शिंदे: दोन प्रती घेऊन खाली आलोय. ऑफिसला कुलूप आहे.

सेक्रेटरी: मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी ७ ते ८. दारावर लिहिलंय.

पेडणेकर काकू: शिंदे, खाली आलाच आहात तर किती मोदक ते सांगून जा.